शनिवारचा ताळा

त्या आठवड्यात नऊ व्यवहार झाले. खर्च वजा जाऊन साडेतीन हजार रुपये उरले. शनिवारी सकाळी चहा घेता घेता माझ्या लक्षात आलं, की त्यातल्या चार व्यवहारांना स्टॉपलॉस लागलेलाच नव्हता. भाव चारही वेळा वर गेला, म्हणून काही बिघडलं नाही. एकदा जरी तो जोरात खाली आला असता, तर त्याला थांबवायला तिथे काहीच नव्हतं.

ही चूक मला आठवडाभर दिसली नाही, याचं कारण सरळ आहे: फायदा होत होता. स्वतःच्या पैशानं, स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमवर ट्रेडिंग करणाऱ्याची खरी अडचण हीच असते. प्रोग्रॅम बंद पडला तर लगेच कळतं. तो चालू राहून चुकत असेल तर कळत नाही. म्हणून दर शनिवारी तासभर मी चार गोष्टी तपासतो: नोंदी, किल्ल्या, बॅकअप आणि मर्यादा. शाळेत भागाकार केल्यावर ताळा करायला लावायचे, तसं हे काम आहे. ताळा करताना तोच भागाकार पुन्हा करत नाहीत. भाजक आणि भागाकार यांचा गुणाकार करून त्यात बाकी मिळवतात आणि मूळ संख्या येते का ते बघतात. स्क्रिप्टची तपासणीही तिच्याच शब्दावर विसंबून करायची नाही. दुसऱ्या वाटेनं जाऊन तेच उत्तर येतं का, ते बघायचं.

माझी स्क्रिप्ट तीनेकशे ओळींची आहे. सकाळी ब्रोकरकडे लॉगिन मी करतो. मग ती पाच शेअरांवर नजर ठेवते, ठरलेली अट पूर्ण झाली की पन्नास शेअर घेते, लगेच खरेदीच्या दोन टक्के खाली स्टॉपलॉस लावते आणि काहीही झालं तरी सव्वातीनच्या आत सगळं विकून मोकळी होते. हजार रुपयांच्या शेअरमध्ये दोन टक्के म्हणजे वीस रुपये, गुणिले पन्नास. एका व्यवहारात फार तर हजार रुपये जावेत असा हिशेब.

नोंदी: तीन कागद समोरासमोर

स्क्रिप्ट जे जे करते ते एका फाईलमध्ये लिहीत जाते. हा लॉग. अनेक जण शनिवारी एवढाच वाचतात, आणि तिथेच फसतात, कारण लॉग म्हणजे स्क्रिप्टनं स्वतःबद्दल दिलेली साक्ष. माझ्या लॉगमध्ये त्या चारही व्यवहारांपुढे ‘स्टॉपलॉस पाठवला, ऑर्डर क्रमांक मिळाला’ असंच लिहिलेलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. ब्रोकरची यंत्रणा ऑर्डर हातात घेतल्याबरोबर क्रमांक देते. ती ऑर्डर पुढे मान्य झाली की नाही, हा वेगळा प्रश्न. पोस्टाची पावती मिळाली म्हणून पत्र पोचलं असं होत नाही, तशातला प्रकार.

म्हणून लॉगबरोबर आणखी दोन कागद लागतात. एक, ब्रोकरकडचं ऑर्डर बुक, ज्यात प्रत्येक ऑर्डरची शेवटची अवस्था असते. ते बऱ्याच ब्रोकरांकडे एपीआयमधून फक्त त्या दिवसापुरतंच मिळतं, म्हणून बाजार बंद झाल्यावर रोज ते उतरवून ठेवण्याचं काम स्क्रिप्टलाच लावलेलं आहे. शनिवारी मागायला गेलात तर हाती रिकामी यादी येईल. दुसरा कागद कॉन्ट्रॅक्ट नोटचा. ब्रोकरनं ती व्यवहारानंतर चोवीस तासांत पाठवायची असते. तीत फक्त पूर्ण झालेले सौदे आणि त्यांवरचा खर्च असतो, फेटाळलेल्या ऑर्डरींचा उल्लेख नसतो.

ताळा असा: लॉगमधल्या प्रत्येक ऑर्डर क्रमांकासाठी ऑर्डर बुकात एक ओळ हवी, आणि ऑर्डर बुकातल्या प्रत्येक पूर्ण ऑर्डरसाठी कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये सौदा हवा. मी आधी फेटाळलेल्या ऑर्डरी मोजतो:

```
cat orderbook/2025-*.csv | grep -c "REJECTED"
```

त्या शनिवारी उत्तर चार आलं. चारही स्टॉपलॉसच्या ऑर्डरी, चारही एकाच शेअरच्या. गंमत अशी, की त्या आठवड्यात त्या शेअरमध्ये आठ व्यवहार झाले होते आणि उरलेल्या चारांचे स्टॉपलॉस व्यवस्थित लागले होते. निम्मे लागतात, निम्मे लागत नाहीत. असला अर्धवट बिघाड सगळ्यात फसवा, कारण चाळताना नजर नेमकी बरोबर आलेल्या ओळीवर पडते आणि मन निर्धास्त होतं.

कारण शोधायला किमती बघाव्या लागल्या. शेअर बाजारात भाव कितीच्या पटीत द्यायचा, हे ठरलेलं असतं. त्याला टिक म्हणतात. राष्ट्रीय शेअर बाजारानं १५ एप्रिल २०२५ पासून ही टिक शेअरच्या भावाशी जोडली: २५० ते १००० रुपयांच्या शेअरला ५ पैसे, १००० ते ५००० च्या शेअरला १० पैसे, आणि पुढे याच क्रमानं वाढती. कोणता शेअर कोणत्या गटात, हे महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या बंद भावावरून दर महिन्याला ठरतं. माझा शेअर आधी ९८० च्या आसपास होता. महिनाअखेर तो १०१२ वर बंद झाला आणि नव्या महिन्यात त्याची टिक गुपचूप ५ पैशांवरून १० पैशांवर गेली. स्क्रिप्टमध्ये मात्र मी ५ पैसे कायमचे लिहून ठेवले होते.

आता हिशेब बघा. १०१८ रुपयांना खरेदी, दोन टक्के खाली म्हणजे ९९७.६४. पाच पैशांच्या पटीत आणला की ९९७.६५. दहा पैशांच्या पटीत हा बसत नाही, म्हणून ऑर्डर फेटाळली. दुसऱ्या दिवशी खरेदी १०२१ ला, स्टॉपलॉस १०००.५८, पटीत आणून १०००.६०. हा बसतो, म्हणून लागला. पाच पैशांच्या पटीतली निम्मी उत्तरं दहाच्या पटीतही असतात. निम्मे का लागले, त्याचं उत्तर एवढंच.

दुरुस्त्या दोन केल्या. टिक आता स्क्रिप्टमध्ये लिहिलेली नाही. रोज सकाळी ब्रोकरच्या शेअरयादीतून ती वाचली जाते. दुसरी दुरुस्ती अधिक महत्त्वाची: स्टॉपलॉस पाठवल्यावर स्क्रिप्ट पाच सेकंदांत ऑर्डर बुक बघते. अवस्था `TRIGGER PENDING` दिसली तर ठीक. नाही दिसली, तर घेतलेले शेअर लगेच विकते आणि मला फोनवर संदेश पाठवते. टिकचा नियम उद्या पुन्हा बदलेल, किंवा तिसऱ्याच कारणानं ऑर्डर फेटाळली जाईल. कारण कुठलंही असो, स्टॉपलॉसशिवाय शेअर हातात राहणार नाहीत.

संदेश आला तरी तो वाचावा लागतो, हेही खरं. अमेरिकेत १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या मोठ्या दलाली कंपनीच्या यंत्रणेनं पाऊण तासात नको असलेल्या कोट्यवधी शेअरांचे सौदे केले, आणि कंपनीनं ४४ कोटी डॉलरचा तोटा जाहीर केला. आठपैकी एका सर्व्हरवर नवा प्रोग्रॅम चढवायचा राहिला होता. त्या सकाळी बाजार उघडण्याआधीच यंत्रणेनं चुकीची खूण सांगणारे ९७ ईमेल कंपनीतल्या माणसांना पाठवले होते, असं तिथल्या नियामकानं पुढे आपल्या आदेशात नोंदवलं. ते ईमेल धोक्याचा इशारा म्हणून आखलेले नव्हते, त्यामुळे कुणी त्यांच्याकडे तसं बघितलंच नाही. म्हणून माझी स्क्रिप्ट फोनवर फक्त दोनच प्रकारचे संदेश पाठवते. बाकी सगळं लॉगमध्ये जातं.

किल्ल्या: किती, कुठे, कुणाकडे

स्क्रिप्टला ब्रोकरच्या दारातून आत जायला एपीआय की आणि तिच्या जोडीचा गुप्त शब्द लागतो. त्यावर रोज सकाळी लॉगिन केल्यावर दिवसापुरतं टोकन मिळतं. किल्ल्यांचा ताळा म्हणजे ब्रोकरच्या पानावर दिसणारी चालू किल्ल्यांची यादी आणि माझ्या वहीतली यादी जुळवणं. ब्रोकरकडे तीन आणि वहीत दोन, असं दिसलं तर तिसरी कुठल्या तरी जुन्या प्रयोगासाठी काढलेली असते. ती कशाची हे आठवत बसायचं नाही, रद्द करायची. कशाला लागत असेल तर सोमवारच्या आत कळेलच.

मग ती कुठे पडली आहे, ते बघायचं. किल्ली प्रोग्रॅमच्या फाईलीत न ठेवता वेगळ्या `.env` फाईलीत ठेवतात आणि ती फक्त आपल्यालाच वाचता येईल अशी करतात. पण प्रोग्रॅमच्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटमध्ये ती कधी चुकून गेली असेल, तर नंतर फाईल पुसूनही जुन्या इतिहासात ती राहते. हे दोन ओळींत तपासता येतं:

```
ls -l .env
git log --all --oneline -- .env
```

पहिल्या उत्तराची सुरुवात `-rw-------` अशी हवी. दुसऱ्या आज्ञेला काहीच उत्तर येता कामा नये. एखादी जरी ओळ आली, तर ती किल्ली बाहेर पडली असं समजून रद्द करायची आणि नवी काढायची. इतिहास साफ करण्यात वेळ घालवण्याआधी कुलूप बदलावं. बदलल्यावर जुन्या किल्लीनं एकदा मुद्दाम लॉगिन करून बघतो. नकार आला की काम पुरं.

इथली एक चूक फार सर्रास दिसते. सकाळचं लॉगिन टाळण्यासाठी लोक पासवर्ड आणि तीस सेकंदांनी बदलणारा आकडा ज्या बीजावरून तयार होतो ते बीज, दोन्ही एकाच फाईलीत ठेवतात. दाराला दोन कुलुपं लावली, पण दोन्ही किल्ल्या एकाच खिळ्याला टांगल्या. फाईल गेली की सगळंच गेलं. सकाळी एक मिनिट घालवून आकडा हातानं टाकायचा, ही माझी सवय मी मोडलेली नाही.

आणखी एक तपासणी अलीकडच्या नियमांमुळे वाढली. सेबीनं ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकात किरकोळ गुंतवणूकदारांच्या अल्गो ट्रेडिंगची चौकट घालून दिली आणि ती टप्प्याटप्प्यानं लागू झाली. तिच्यानुसार एपीआयमधून ऑर्डर टाकायची, तर ती ब्रोकरकडे आधी नोंदवलेल्या स्थिर आयपी पत्त्यावरूनच यावी लागते. घरच्या साध्या ब्रॉडबँडचा पत्ता स्थिर नसतो. वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला, की तो बदलू शकतो. म्हणून स्थिर पत्ता वेगळा विकत घ्यावा लागतो किंवा स्क्रिप्ट भाड्याच्या सर्व्हरवर ठेवावी लागते. शनिवारी स्क्रिप्ट जिथून चालते त्या यंत्रावर `curl ifconfig.me` लिहून येणारा पत्ता आणि ब्रोकरकडे नोंदवलेला पत्ता शेजारी ठेवून बघतो. ते वेगळे असतील तर सोमवारी लॉगिन होईल, भावही दिसतील, फक्त ऑर्डर जाणार नाही.

बॅकअप: परत आणून दाखवा

बॅकअप घेतला की नाही, हा प्रश्नच चुकीचा. परत आणता आला का, हे विचारायचं. गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ ला एका कर्मचाऱ्याच्या हातून चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. मग लक्षात आलं, की नेहमीचा बॅकअप कित्येक दिवस घेतलाच जात नव्हता, कारण तो घेणारं साधन डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हतं. तो अपयशी होत असल्याचे ईमेलही कुणापर्यंत पोचत नव्हते. सुदैवानं दुसऱ्या कामासाठी घेतलेली सहा तास जुनी प्रत होती, तीच वापरावी लागली. हे सगळं कंपनीनं स्वतःच लिहून प्रसिद्ध केलं.

माझ्याकडे जपण्यासारखं फार नाही: प्रोग्रॅम, मर्यादांची फाईल, उतरवलेली ऑर्डर बुकं, कॉन्ट्रॅक्ट नोटा आणि व्यवहारांचा छोटा डेटाबेस. यातला डेटाबेस नाजूक. चालू डेटाबेसची फाईल नुसती उचलून दुसरीकडे ठेवली आणि त्याच क्षणी स्क्रिप्ट तीत लिहीत असेल, तर प्रत अर्धवट निघू शकते. म्हणून डेटाबेसलाच प्रत काढायला सांगायचं आणि ती प्रत उघडून बघायची:

```
sqlite3 trades.db ".backup 'copy.db'"
sqlite3 copy.db "PRAGMA integrity_check;"
sqlite3 copy.db "SELECT COUNT(*), MAX(trade_date) FROM orders;"
```

दुसऱ्या ओळीला `ok` असं उत्तर हवं. तिसरी ओळ हा खरा ताळा. नोंदींची संख्या मागच्या शनिवारपेक्षा वाढलेली हवी आणि शेवटची तारीख कालच्या शुक्रवारची हवी. प्रत शाबूत आहे पण शेवटची तारीख तीन आठवडे जुनी आहे, असंही होतं. तसं असेल तर आपण चुकीच्या फोल्डरमधली, जुनी फाईल जपत बसलो आहोत.

तयार प्रत दोन जागी जाते, एक पेन ड्राइव्हवर आणि एक क्लाउडवर कुलूपबंद करून. किल्ल्यांची फाईल या गाठोड्यात घालत नाही. किल्ली हरवली तर ब्रोकरकडून नवी मिळते, पण बॅकअपबरोबर ती चार ठिकाणी पसरली तर किल्ल्यांची सगळी तपासणी वाया जाते. महिन्यातून एका शनिवारी दुसऱ्या लॅपटॉपवर सगळं नव्यानं मांडून स्क्रिप्ट सराव-प्रकारात चालवतो. दर वेळी काही ना काही राहून गेलेलं सापडतं.

मर्यादा: दोन जातींचे आकडे

शेवटचं काम आकड्यांचं, आणि सगळ्यात जास्त मोह इथेच होतो. स्क्रिप्टमधल्या मर्यादा दोन जातींच्या असतात. एक रक्षणाच्या: एका व्यवहारात जास्तीत जास्त हजार रुपये, एका दिवसात तीन हजार रुपये तोटा झाला की दुकान बंद. दुसऱ्या खेळीच्या: कुठल्या अटीवर घ्यायचं, स्टॉपलॉस किती खाली. रक्षणाची मर्यादा घट्ट करायची तर त्याच दिवशी करावी. सैल करायची तर महिनाभर थांबावं, आणि तोट्याच्या आठवड्यानंतर तर नाहीच.

शनिवारी प्रत्येक मर्यादेपुढे मी एक आकडा लिहितो: या आठवड्यात ती किती वेळा लागू झाली. रोज लागू होत असेल तर ती बाजाराच्या नेहमीच्या हालचालीतच येते आहे. महिनोन्महिने शून्य असेल तर दोन शक्यता उरतात: तिची गरज पडली नाही, किंवा ती मेली आहे. हे ओळखायला जुन्या दिवसाचे भाव घेऊन, दिवसाच्या तोट्याची मर्यादा तात्पुरती एक रुपया ठेवून सराव चालवायचा. पहिल्या तोट्यालाच स्क्रिप्ट थांबली तर ती जिवंत आहे.

गेल्या पावसाळ्यातलं उदाहरण सांगतो. एका शेअरमध्ये चार आठवड्यांत बावीस व्यवहार झाले, त्यांतल्या तेरांत स्टॉपलॉस लागला. तेरांपैकी आठ वेळा भाव सव्वातीनच्या आत खरेदीच्या वर परत आला होता. म्हणजे घेण्याची अट चुकत नव्हती, स्टॉपलॉस जवळ पडत होता. हालचाल मोजली, तर त्या शेअरचा दिवसाचा सरासरी चढउतार १८ रुपयांवरून ३१ रुपयांवर गेला होता, आणि माझा स्टॉपलॉस २० रुपयांवरच. तो ३४ रुपये केला.

पण तेवढंच करून थांबलो असतो तर घात झाला असता. पन्नास शेअर गुणिले ३४ म्हणजे एका व्यवहारात १७०० रुपये. दोन तोट्यांतच दिवसाची तीन हजारांची मर्यादा ओलांडली गेली असती. हजार भागिले ३४ म्हणजे २९. म्हणून शेअर पन्नासांऐवजी २९ केले. खेळीची मर्यादा हलली, रक्षणाची जागच्या जागी राहिली. बदल वहीत तारीख, जुना आकडा, नवा आकडा आणि कारण अशा चार रकान्यांत लिहिला. एका शनिवारी एकच बदल करायचा, नाहीतर पुढच्या आठवड्याचा निकाल कशामुळे आला ते सांगता येत नाही.

खर्चही याच वेळी बघतो. पन्नास हजारांची खरेदी आणि त्याच दिवशी विक्री केली, तर दलाली, व्यवहार कर, बाजाराचं शुल्क, जीएसटी आणि मुद्रांक मिळून माझ्या ब्रोकरकडे साधारण पन्नास-पंचावन्न रुपये जातात. कॉन्ट्रॅक्ट नोटेवरचा आकडा यापासून फार लांब गेला, तर कुठला तरी दर बदललेला असतो आणि स्क्रिप्टचा नफ्याचा हिशेब त्या दिवसापासून चुकलेला असतो.

शेवटी पुढच्या आठवड्याची बोनस, विभाजन आणि लाभांशाची यादी बाजाराच्या संकेतस्थळावर बघतो. एचडीएफसी बँकेनं ऑगस्ट २०२५ मध्ये एकास एक बोनस दिला, तेव्हा शेअरचा भाव एका रात्रीत निम्म्यावर आला. भागधारकाचं काहीच गेलं नव्हतं, कारण शेअर दुप्पट झाले होते. पण कालच्या बंद भावाशी आजचा भाव ताडून बघणाऱ्या स्क्रिप्टला तो पन्नास टक्क्यांचा कोसळा दिसतो. अशा दिवशी तो शेअर यादीतून काढून ठेवणं सगळ्यात सोपं.

शनिवारच बरा, कारण चूक सापडली तर दुरुस्त करून तपासायला रविवार उरतो. मात्र कॅलेंडर आधी बघावं. १ फेब्रुवारी २०२५ ला शनिवार होता आणि अर्थसंकल्पामुळे बाजार चालू होता.

तासाभरानंतर वहीत चार ओळी होतात. प्रत्येकीपुढे ‘जुळला’ किंवा ‘नाही’ यांपैकी एकच शब्द. एकाही ओळीपुढे ‘नाही’ असेल आणि रविवारपर्यंत ते मिटलं नाही, तर सोमवारी मी स्क्रिप्ट सुरू करत नाही. मंगळवारी सव्वानऊला बाजार पुन्हा उघडतोच.